इंटर्नचे सहा आठवडे आणि प्रेसची 94 मिनिटं

जून उजाडला की भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथल्या कारखान्यांच्या गेटवर पाठीला सॅक लावलेली मुलं-मुली दिसू लागतात. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपलेलं असतं, हातात कॉलेजचं पत्र असतं आणि समोर सहा ते आठ आठवडे असतात. त्यांना कुणाच्या तरी हाताखाली दिलं जातं. हा ‘कुणीतरी’ बहुधा तिशी-पस्तिशीतला इंजिनिअर असतो. त्याची स्वतःची कामं आधीच डोक्यावरून गेलेली असतात आणि इंटर्नकडून काम कसं करून घ्यायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग मुलगी पहिले दोन आठवडे जुन्या फायली वाचते, पुढचे दोन आठवडे एक्सेलमध्ये आकडे भरते, उरलेल्या दिवसांत अहवाल लिहिते. शेवटच्या दिवशी तिला प्रत्येक रकान्यात दहापैकी नऊ मिळतात. कारखान्याला काही मिळालेलं नसतं आणि तिलाही नाही. त्या नऊ गुणांत तिच्याबद्दलची कुठलीच माहिती नसते.

हे टाळायचं कसं, ते एका उदाहरणातून पाहू. भोसरीतला एक मध्यम आकाराचा प्रेस शॉप डोळ्यांसमोर आणा. गाड्यांचे पत्र्याचे छोटे भाग तिथे बनतात. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील. 160 टनी प्रेसवर दिवसातून साधारण दोनदा डाय बदलावी लागते. एका भागाचं काम संपलं की जुनी डाय उतरवायची, नवी चढवायची, क्लॅम्प आवळायचे, शट हाइट जुळवायची, ट्रायल मारायची, पहिला पीस क्यूसीकडून पास करून घ्यायचा आणि मग उत्पादन सुरू. एवढ्याला दीड तासाच्या आसपास लागतो. म्हणजे दोन शिफ्टच्या सोळा तासांतले तीन तास प्रेस नुसती उभी. हा वेळ जातो कुठे, असा प्रश्न मेकॅनिकलच्या एका विद्यार्थिनीला द्यायचा आहे.

इंटर्नसाठी हा प्रश्न चांगला का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सहा आठवड्यांचं निम्मं यश प्रश्न निवडतानाच ठरतं. पहिली गोष्ट, उत्तराची वाट पाहणारं माणूस कारखान्यात आहे. प्रॉडक्शन मॅनेजरला हा वेळ रोज टोचतो. दुसरी गोष्ट, तिचं काम अडलं तरी ग्राहकाचा माल अडत नाही. ज्या कामावर या महिन्याचं डिस्पॅच अवलंबून आहे ते इंटर्नला देऊ नये. दिलं तर तिसऱ्या दिवशी अनुभवी माणूस ते तिच्या हातातून काढून घेतो आणि ती पुन्हा फायलींकडे वळते. तिसरी गोष्ट, मोजायचं ते पहिल्या आठवड्यातच तिच्या डोळ्यांसमोर घडणार आहे. डाय रोज बदलते. याउलट ‘वर्षभरातल्या रिजेक्शनचा अभ्यास’ असं काम दिलं, तर सिस्टीमचा पासवर्ड आणि डेटा मिळण्यातच महिना सरतो. आणि चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. काम अर्ध्यावर थांबलं तरी उपयोगी राहतं. सुधारणा काहीच झाली नाही, तरी वेळ कुठे जातो याचा खात्रीचा तक्ता कारखान्याच्या हाती उरतो. मोठं सॉफ्टवेअर किंवा नवं मशीन डिझाइन करायला दिलं, तर अर्ध्यावर थांबलेल्या कामाची किंमत शून्य.

या प्रश्नामागे मोठा इतिहासही आहे आणि इंटर्नला तो पहिल्याच दिवशी सांगावा. जपानी औद्योगिक अभियंता शिगेओ शिंगो 1950 साली हिरोशिमाच्या टोयो कोग्यो कारखान्यात, म्हणजे आजच्या माझ्दामध्ये, मोठ्या प्रेसवरची डाय बदलताना पाहत होता. डाय बसवायचा एक बोल्ट सापडेना. कामगार तो शोधायला गेला आणि तासाभराहून अधिक वेळ प्रेस थांबून राहिली. शिंगोने त्यावरून सेटिंगच्या कामाचे दोन भाग पाडले : प्रेस बंद असतानाच करता येणारी कामं आणि प्रेस चालू असतानाही उरकता येणारी कामं. 1969 साली टोयोटात 1000 टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणण्यापर्यंत ही पद्धत पोचली. आपल्या विद्यार्थिनीने तीन मिनिटं गाठावीत अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण दोन भागांची ही विभागणी कळली की काय बघायचं ते तिला कळतं.

पहिल्या दोन दिवसांत तीन गोष्टी व्हायलाच हव्यात. एक सुरक्षिततेची. सेफ्टी शूज, इअर प्लग, पिवळ्या रेषेच्या आत कधी जायचं आणि कधी नाही, डायमध्ये हात घालायचा नाही म्हणजे नाही. हे सुपरवायझरने स्वतः प्रेसजवळ उभं राहून दाखवायचं, नुसत्या फॉर्मवर सही घेऊन भागत नाही. दुसरी गोष्ट ओळखीची. दोन्ही शिफ्टच्या सेटर्सना आणि फोरमनला भेटवून ती काय करणार आहे हे तिच्यासमोरच सांगायचं. स्टॉपवॉच घेतलेला माणूस दिसला की शॉप फ्लोअरवर पहिला विचार येतो तो ‘आता टार्गेट वाढणार’ हा. ती भीती निराधार नाही, पूर्वी अनेक ठिकाणी तसंच झालेलं आहे. म्हणून मोजणी माणसाची नाही, कामाची आहे, कुणाचंही नाव तक्त्यात येणार नाही आणि व्हिडिओ घ्यायचा तर विचारूनच, हे वरिष्ठाने बोलून दाखवावं लागतं. मॅनेजमेंटला हा शब्द पाळायचा नसेल तर हे काम इंटर्नला देऊच नये. सेटरने वेळ मुद्दाम लांबवला किंवा घाईत उरकला तर तिचे आकडे खोटे ठरतील आणि त्याचा दोष मात्र तिच्या माथी येईल.

तिसरी गोष्ट मूल्यमापनाची आणि ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. याकडे पुढे परत येऊ.

आता रोजची देखरेख. ‘काही अडलं तर विचार’ एवढं सांगून सुपरवायझर मोकळा झाला, तर मुलगी विचारत नाही. विचारलं तर अडाणी ठरू, साहेबांचा वेळ जाईल, या भीतीने ती दोन-दोन दिवस अडून बसते. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं बसायचं हा उपाय साधा आहे आणि लागू पडतो. सोमवार आणि गुरुवार म्हणा. एक बैठक शक्यतो प्रेसजवळच व्हावी. ‘कुठवर आलं?’ असं विचारलं की ‘चालू आहे सर’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘काल काय पाहिलंस, दाखव’ म्हणावं. वहीतली नोंद समोर आली की अर्धवट समजलेलं लगेच उघडं पडतं. मध्ये काही अडलं तर एक नियम पुरतो : अर्धा तास स्वतः प्रयत्न करायचा, तरी सुटलं नाही तर प्रश्न कागदावर लिहून शिफ्टच्या सेटरकडे जायचं, तिथेही सुटलं नाही तर सुपरवायझरकडे.

पहिल्या आठवड्यात तिच्या आकड्यांत एक हमखास गोंधळ दिसतो. एका दिवशी सेटिंगचा वेळ 70 मिनिटं, दुसऱ्या दिवशी 115. काम खरंच इतकं बदललं, की मोजायची सुरुवात आणि शेवट बदलला? बहुतेक वेळा दुसरंच झालेलं असतं. एकदा तिने जुनी डाय सोडवायला घेतल्यापासून मोजलेलं असतं, एकदा शेवटचा पीस पडल्यापासून. एकदा ट्रायल संपेपर्यंत, एकदा क्यूसीचा शिक्का पडेपर्यंत. सुपरवायझरने इथे उत्तर सांगू नये, व्याख्या लिहून आणायला सांगावी. जुन्या भागाचा शेवटचा चांगला पीस ते नव्या भागाचा पहिला पास झालेला पीस, ही व्याख्या एकदा ठरली की पुढचे सगळे आकडे एकमेकांशी बोलू लागतात. पहिल्या आठवड्याचे आकडे बाजूला ठेवावे लागले तरी हरकत नाही. त्यातून ती जे शिकली ते कुठल्याही पुस्तकात तिला इतक्या लवकर मिळालं नसतं.

पुढच्या दोन आठवड्यांत तिने 11 डाय चेंज पाहिले असं धरू. सरासरी निघाली 94 मिनिटं. त्यातली 26 मिनिटं नवी डाय, पाने, टी-बोल्ट आणि पॅकिंग शोधून प्रेसपाशी आणण्यात गेली. 12 मिनिटं जुनी डाय उतरवण्यात, 18 नवी चढवून आवळण्यात, 17 शट हाइट जुळवून ट्रायल मारण्यात. उरलेली 21 मिनिटं पहिला पीस पास होण्याची वाट पाहण्यात.

या वयाच्या मुलांची ओढ यंत्राकडे असते. आपली विद्यार्थिनीही हायड्रॉलिक क्लॅम्पची माहिती काढून आणते. झटपट आवळणारे, महागडे, दिसायला सुरेख. सुपरवायझरने तिला नाउमेद करू नये आणि परस्पर होकारही देऊ नये. तिचाच तक्ता तिच्यासमोर ठेवावा. चढवण्या-आवळण्याची सगळी 18 मिनिटं शून्य झाली तरी 76 उरतात. याउलट डाय, पाने आणि बोल्ट ट्रॉलीवर लावून प्रेस चालू असतानाच आणून ठेवले, तर 26 पैकी 20 मिनिटं खर्च न करता वाचतात. आणि क्यूसीच्या 21 मिनिटांत पीस मोजायला जेमतेम 6 लागतात, बाकीची 15 इन्स्पेक्टर येण्याची वाट पाहण्यात जातात. डाय चढवायला घेतली की इन्स्पेक्टरला फोन गेला, तर त्यातला बराच वेळ वाचेल. तिला हे स्वतःच्या आकड्यांतून दिसलं पाहिजे. सुपरवायझरने आधीच सांगून टाकलं, तर पुढचे तीन आठवडे ती दुसऱ्याचं म्हणणं राबवत बसते.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मधला आढावा. बहुतेक ठिकाणी तो होतच नाही. झाला तरी ‘छान चाललंय’ एवढ्यावर संपतो. अन्यायाची सुरुवात माझ्या मते इथे होते. शेवटच्या दिवशी जे कमी म्हणून लिहिलं जाणार, ते सुधारायला वेळ असताना सांगितलं नसेल, तर ते लिहिण्याचा हक्क सुपरवायझरला उरत नाही. आपल्या उदाहरणात तिची मोजणी उत्तम आहे, पण तक्ता तिने फक्त केबिनमध्ये आणून दाखवला. ज्यांच्या कामाचा तो आहे त्या सेटर्सना तिने तो दाखवलाच नाही. ‘कम्युनिकेशन सुधार’ असं म्हणून तिच्या हाती काही लागत नाही. ‘पुढच्या गुरुवारपर्यंत तक्ता दोन्ही शिफ्टच्या सेटर्सना दाखव आणि त्यांच्या हरकती लिहून आण’, हे मात्र तिला करता येतं. आढाव्याचे मुद्दे तारखेसह अर्ध्या पानावर लिहून दोघांनी एक-एक प्रत ठेवावी.

ती सेटर्सकडे गेली आणि कामाची दिशाच पालटली असं पुष्कळदा घडतं. ‘मॅडम, ट्रॉली कुठून आणणार?’ रात्रपाळीच्या सेटरने विचारलं. ‘सगळ्यात जड डाय रॅकच्या खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला आहे. ती काढायला पुढच्या दोन हलवाव्या लागतात, आणि फोर्कलिफ्ट रात्री एकच असते.’ तक्त्यातल्या 26 मिनिटांचं खरं कारण हे होतं. मग पहिली सुधारणा ट्रॉलीची न होता रॅकमधल्या जागांची झाली : वारंवार लागणाऱ्या डाय पुढे, कमरेच्या उंचीच्या कप्प्यात, प्रत्येक जागेवर नंबर रंगवलेला. तो कप्पा एवढं वजन पेलेल की नाही, हे आधी मेंटेनन्सकडून तपासून घेतलं.

पाचव्या आठवड्यात नव्या पद्धतीने पाच डाय चेंज मोजले : 71, 64, 92, 66 आणि 69 मिनिटं. सरासरी साधारण 72. बानव्याच्या दिवशी फोर्कलिफ्ट बंद पडली होती. तो आकडा वगळला तर सरासरी साडेसदुसष्टवर येते आणि प्रेझेंटेशन जास्त देखणं दिसतं. इथे सुपरवायझरने थांबून तिला विचारावं : फोर्कलिफ्ट पुन्हा बंद पडणार नाही का? पडणार असेल, तर तो आकडा कारखान्याच्या वास्तवाचा भाग आहे आणि तक्त्यात राहिला पाहिजे, खाली कारणाच्या टिपेसह. शिवाय आधीचे 11 आणि नंतरचे 5, एवढ्या नोंदींवर ‘सुमारे वीस मिनिटं कमी झाली असं दिसतं, महिनाभर मोजत राहावं’ एवढंच म्हणता येतं.

सहावा आठवडा नव्या कामाचा नसतो. इंटर्नची बहुतेक कामं तिच्याबरोबरच गेटबाहेर जातात, कारण ती सोपवायला दिवस ठेवलेले नसतात. निदान चार दिवस राखून ठेवावेत. डाय चेंजच्या आधी ट्रॉलीवर काय काय हवं याची मराठीतली यादी लॅमिनेट करून प्रेसला लावायची. मोजणीची शीट पुढे कोण भरणार ते नावानिशी ठरवायचं आणि त्या माणसाने तिच्यासमोर एक डाय चेंज स्वतः मोजून दाखवायचा. त्याला जमलं नाही तर शीट अवघड आहे, तिने ती सोपी करायची.

आता गुणांकडे. माणूस माणसाला गुण देतो तेव्हा काय होतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 सालीच दाखवून दिलं होतं. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण देत होते, पण एका बाबतीत माणूस चांगला वाटला की बाकीच्या सगळ्याच रकान्यांत त्याचे गुण चढत. एकूण छाप प्रत्येक रकान्यावर सांडत होती. आपल्याकडे ही छाप फार वेळा इंग्रजीची असते. फाडफाड बोलणारा मुलगा ‘टेक्निकल नॉलेज’मध्येही पुढे जातो. मराठी माध्यमातून आलेली, मान खाली घालून अचूक मोजणारी मुलगी सगळ्याच रकान्यांत मागे राहते. दुसरा दोष शेवटच्या आठवड्याचा. सहा आठवडे विसरले जातात आणि अंतिम प्रेझेंटेशनचीच वीस मिनिटं लक्षात राहतात.

यावर उपाय म्हणून पहिल्या आठवड्यात इंटर्नबरोबर बसून तीन-चार कसोट्या लिहायच्या आणि प्रत्येक गुणाचा अर्थ शब्दांत मांडायचा. मोजणीच्या विश्वासार्हतेचं उदाहरण घ्या. पाचपैकी दोन म्हणजे आकडे आहेत, पण ते कुठून कुठपर्यंत मोजले हे सांगता येत नाही. तीन म्हणजे व्याख्या ठरलेली आहे आणि ती पाळली आहे. चार म्हणजे विचित्र आकडा आला की कारण शोधून टिपलं आहे. पाच म्हणजे दुसरा माणूस तिची शीट घेऊन मोजतो आणि जवळपास तेच उत्तर येतं. असं लिहिलं की हसतमुख चेहऱ्याला चार देता येत नाही. अशाच कसोट्या प्रश्न समजून घेण्यासाठी, शॉप फ्लोअरवरच्या लोकांबरोबर केलेल्या कामासाठी आणि काम सोपवण्यासाठी. सुपरवायझरने दर शुक्रवारी तारीख घालून दोन ओळी लिहाव्यात : काय पाहिलं, काय सांगितलं. शेवटी गुण देताना स्मरणशक्तीवर विसंबावं लागत नाही. फोरमनला आणि सेटरलाही स्वतंत्रपणे विचारावं, पण ‘पोरगी कशी आहे?’ असं नाही. ‘तुम्ही घेतलेल्या हरकतीचं तिने काय केलं?’ असं विचारावं.

किती मिनिटं वाचली यावर गुण देऊ नयेत, हे मी आग्रहाने सांगेन. फोर्कलिफ्ट, रॅकसाठी लागणारी मंजुरी, त्या महिन्यातल्या ऑर्डर, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. शेजारच्या विभागातल्या इंटर्नचा प्रश्न सोपा असेल, तर त्याचा निकाल चमकदार दिसेल. म्हणून एका कारखान्यात चार-पाच इंटर्न असतील, तर त्यांच्या सुपरवायझर्सनी गुण पाठवण्याआधी तासभर एकत्र बसून प्रत्येक चार आणि पाचाचा पुरावा एकमेकांना दाखवावा. एकाचा सढळ हात आणि दुसऱ्याचा आखडता हात तिथे समोरासमोर येतो.

आपल्या विद्यार्थिनीला मोजणीत पाच, प्रश्न समजून घेण्यात चार. लोकांबरोबरच्या कामात सुरुवात दोनची होती, आढाव्यानंतर ती चारच्या वर्णनात बसू लागली. सरासरी काढून तीन द्यायचे, की शेवटी जिथे पोचली ते चार? प्रशिक्षण सुधारण्यासाठीच असतं, म्हणून चार द्यावेत आणि शेऱ्यात पहिले तीन आठवडे कसे गेले तेही लिहावं. कॉलेजच्या फॉर्मवर दहाचा रकाना असेल तर गुण दुप्पट करून भरावेत आणि कसोट्यांचं पान सोबत जोडावं.

फॉर्म पाठवण्याच्या आदल्या दिवशी तो तिला वाचायला द्यायचा आणि तिचं म्हणणं लेखी घ्यायचं. समजा, काम सोपवण्यात तीन मिळाले आणि तिने लिहिलं : ज्यांना शीट शिकवायची होती ते शेवटच्या आठवड्यात रजेवर होते, मी रात्रपाळीच्या सेटरना शिकवली आहे. हजेरीपटात ती रजा दिसते. रात्रपाळीच्या सेटरला शीट देऊन एक डाय चेंज मोजायला सांगितला, तर त्याला जमतो. मग तीनाचे चार व्हायला हवेत. त्याला जमला नाही तर तीनच राहतील आणि कारण तिला समोर बसवून सांगायचं.

ऑगस्टमध्ये सुपरवायझरने एकदा प्रेसपाशी जाऊन पाहावं : यादी अजून लावलेली आहे का, शीट भरली जाते का, डाय आपापल्या नंबरवर आहेत का. शीट कोरी असेल, तर त्याचा तिच्या गुणांशी संबंध नाही, ती कधीच कॉलेजात परतलेली असते. शीट कुणी आणि का सोडली हे फोरमनला विचारून टिपून ठेवायचं. पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या इंटर्नच्या पहिल्या आठवड्याचं काम त्या टिपणातूनच निघतं.